बत्तीसचा ब्लेझर आणि अर्धं पान अर्ज

अहमदपुरात थंडी पडते ती दिवाळीनंतर, आणि शाळेचे ब्लेझर येतात तेही त्याच सुमाराला. ऑर्डर मात्र जूनमध्येच द्यावी लागते. प्रवेशाच्या वेळी मिळणाऱ्या छापील कागदावर शर्ट, पँट, टाय, बेल्ट यांच्या खाली ब्लेझरचा रकाना असतो आणि त्याच्यासमोर इयत्तेप्रमाणे माप दिलेलं असतं. पाचवीला बत्तीस, सहावीला चौतीस असं काहीतरी. आईबाप त्यावर टिकमार्क करतात. पोरगं पाचवीत आहे एवढं सगळ्यांना माहीत असतं, त्याची छाती किती इंच आहे ते कुणालाच नसतं.

मी निवृत्त शिक्षक. गल्लीतले लोक अर्ज लिहून घ्यायला येतात. वीजबिलाची दुरुस्ती, बोनाफाइड, रेशनकार्डात नाव चढवणं हे नेहमीचं. नोव्हेंबरमध्ये शेजारच्या सूनबाई ब्लेझरची पिशवी घेऊन आल्या. "काका, लईच मोठा आलाय. बाहीत हातच दिसंना गेलेत त्याचे. दुकानवाल्याला चांगला कडक अर्ज लिहून द्या."

मी पिशवीतून पावती काढली. तिच्यावर माप ३२ लिहिलेलं होतं आणि ब्लेझरच्या गळ्याजवळच्या पट्टीवरही ३२च होतं. मागितलं तेच दिलं होतं. अशा वेळी कडक अर्ज उपयोगाचा नसतो. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात माल परत घेण्याबद्दल जे म्हटलंय ते सदोष मालाबद्दल आहे. पावतीवर मुदत दिली नसेल तर सदोष वस्तू तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पण उसवलेली शिवण हा दोष, फाटलेलं अस्तर हा दोष, मागवलं ३० आणि दिलं ३४ हीसुद्धा दुकानाची चूक. मागवलेल्या मापाचा नीट शिवलेला ब्लेझर पोराला ढगळ होतो, हा दोष नव्हे. तिथे दुकानदार बदलून देतो तो त्याच्या मर्जीने. म्हणून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनचा धाक अर्जात घालायचा नाही. विनंती करायची आणि ती मान्य करणं त्याला सोपं जाईल अशी करायची.

सोपं जावं म्हणजे काय, हे कळायला दुकानाची अडचण समजून घ्यावी लागते. आपल्याकडच्या गणवेशाचा मोठा माल सोलापूरच्या कारखान्यांतून येतो. साधा निळा शर्ट उरला तर दुसऱ्या शाळेला खपतो. ब्लेझरच्या खिशावर मात्र शाळेचा बिल्ला शिवलेला असतो, त्यामुळे तो त्या एका शाळेशिवाय कुठेच चालत नाही आणि कारखानाही तो परत घ्यायला राजी नसतो. त्यातून मधली मापं आधी संपतात आणि अगदी लहान व अगदी मोठी कपाटात राहतात. डिसेंबर सरला की आपल्या भागात ब्लेझरला कोण विचारतो? मराठवाड्यातली थंडी ती किती! म्हणजे परत आलेला बत्तीसचा ब्लेझर नोव्हेंबरात दुसऱ्या पोराच्या अंगावर जातो, जानेवारीत तोच वर्षभर पडून राहतो. अर्ज लवकर गेला पाहिजे तो एवढ्यासाठी.

पण अर्ज लिहायच्या आधी एक ठरवायचं होतं. बदलून घ्यायचा, की टेलरकडून लहान करून घ्यायचा? सूनबाईंच्या सासूचं मत वेगळंच होतं. "वाढतं अंग हाय, राहू दे की. दोन वर्षं जाईल." हे म्हणणं शर्टाला लागू पडतं. ब्लेझरला थोडं लागू पडतं आणि पुष्कळ पडत नाही. म्हणून आम्ही पोराला घेऊन बाजारातल्या टेलर मास्तरांकडे गेलो.

मास्तरांनी आधी पोराला शाळेचा शर्ट आणि वर पातळ स्वेटर घालायला लावला, कारण ब्लेझर उघड्या अंगावर कोणी घालत नाही. मग फीत लावली. छाती २८ इंच. एका खांद्याच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत १३. खांद्यापासून मनगटापर्यंत १९. मग ब्लेझरची बटणं लावून तो टेबलावर सपाट पसरला आणि एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजलं, १८ भरले. दुप्पट केले की ३६. इथेच बहुतेकांची गफलत होते. पट्टीवरचा ३२ हा कपड्याचा घेर नाही. बत्तीस छातीच्या पोरासाठी तो शिवलाय आणि हालचालीला म्हणून चार इंच जास्त सोडलेत. आपल्या पोराची छाती अठ्ठावीस. चारऐवजी आठ इंच कापड मोकळं लोंबत होतं.

"छातीचं मला काही वाटत नाही," मास्तर म्हणाले. "बगलेच्या शिवणीत दाबून घेतो, पुढच्या वर्षी सोडतो. बाहीपण आत दुमडतो. पण खांद्याचं काय करू?" ब्लेझरचा खांदा १५ इंच होता. शिवण दोन्ही बाजूंना खांद्याच्या हाडावरून एकेक इंच खाली उतरलेली. ब्लेझरच्या खांद्यात पॅड असतो, पुढच्या भागात बक्रम असतं आणि बाही त्यावर चढवलेली असते. खांदा आत घ्यायचा तर बाही पूर्ण उसवायची, अस्तर सोडायचं, पॅड काढायचा, काखेचा गोल नव्याने कापायचा आणि सगळं पुन्हा बसवायचं. तेवढ्या मेहनतीत एखादा साधा कोट निम्मा शिवून होईल, आणि एवढं करूनही खांद्यावर सुरकुती राहण्याची भीती असतेच. बाहीचंही तसंच. ती २२ इंच होती, म्हणजे तीन इंच जास्त. तीन इंच आत घेतली तर मनगटाजवळची शोभेची बटणं दुमडीत जातात. लांबी कमी करायला गेलं तर खालचे खिसे काठाला टेकतात.

मास्तरांचा हिशेब मला पटला. खांद्याची शिवण हाडावर किंवा अर्धा इंच खाली असेल तर ब्लेझर ठेवावा आणि बाही दुमडून घ्यावी. एक इंच उतरली असेल तर बदलूनच घ्यावा. मग मागायचं कोणतं? अठ्ठावीसचा आज नेमका बसेल, पण या वयात पोरं वर्षाला दोन इंच उंच होतात, पुढच्या दिवाळीत तो आखूड पडणार. तीसचा मागायचा. दुकानातल्या तीसच्या ब्लेझरचा खांदा १४ इंच आणि बाही साडेवीस असल्याचं सूनबाई जाऊन मोजून आल्या. शिवण अर्धा इंच उतरेल, बाही दीड इंच दुमडावी लागेल. सासूबाईंचं वाढतं अंगही सांभाळलं गेलं.

आता अर्ज. सूनबाईंनी मनात जो मजकूर जुळवला होता त्यात पोराला कसं हसतात, वर्गशिक्षिका काय म्हणाल्या, सोयाबीन विकून पैसे कसे भरले हे सगळं होतं. सगळं खरं होतं. पण काउंटरवरच्या माणसाला त्यातून कोणता ब्लेझर काढून द्यायचा ते कळत नाही. मी लिहिला तो असा:

प्रति,
मा. व्यवस्थापक,
शालेय गणवेश भांडार.

विषय: ब्लेझर माप ३२ बदलून माप ३० मिळणेबाबत.

महोदय,

माझा मुलगा आपल्या शाळेत इयत्ता पाचवीत शिकतो. त्याच्यासाठी जूनमध्ये इयत्तेच्या तक्त्याप्रमाणे माप ३२चा ब्लेझर नोंदवला होता. तो या आठवड्यात मिळाला. पावतीची झेरॉक्स सोबत जोडली आहे.

ब्लेझर मुलाला मोठा होतो. मुलाची छाती (स्वेटरवरून) २८ इंच, खांदा १३ इंच व बाही १९ इंच आहे. ब्लेझरचा खांदा १५ इंच असून शिवण दोन्ही बाजूंना एक इंच खाली येते. टेलरला दाखवले असता खांदा लहान करता येणार नाही असे त्यांनी सांगितले.

ब्लेझर फक्त घालून पाहिला आहे. धुतलेला नाही, त्यावर नाव लिहिलेले नाही, बिल्ला व लेबल जसेच्या तसे आहे. तरी तो परत घेऊन माप ३०चा द्यावा, ही विनंती. सध्या शिल्लक नसल्यास कधी मिळेल ते कळवावे. किमतीत फरक असल्यास तो पुढील खरेदीत वळता करण्यास माझी हरकत नाही.

अर्ज मिळाल्याची पोच द्यावी.

आपली विश्वासू,
(सही, मुलाचे नाव, तुकडी, मोबाइल)

"एवढंच?" सूनबाईंनी विचारलं. एवढंच. "तक्त्याप्रमाणे" हा शब्द मात्र मी मुद्दाम ठेवला. त्यात तक्रार नाही, पण चूक कुठून सुरू झाली ते वाचणाऱ्याला दिसतं. "घालून पाहिला आहे" हेही खरं तेच लिहिलं. कधीच अंगाला लावला नाही असं लोक लिहितात आणि अस्तराला खोबरेल तेलाचा वास येत असतो. दुकानदार परत आलेल्या कोटाची कॉलर आधी उलटून बघतो, मग आतल्या खिशाजवळ मार्करने नाव टाकलंय का ते बघतो. नाव टाकलं की विषय संपला. म्हणून नवा ब्लेझर आला की नाव टाकायची घाई करू नये, आधी पोराला घालून हात वर करायला लावावेत, खाली वाकायला लावावं, आणि मगच पेन उचलावं.

अर्जाच्या दोन प्रती केल्या. एक द्यायची, दुसरीवर तारखेसह सही घ्यायची. आधी पावतीवरच्या "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" या ओळीवर बोट ठेवलं गेलंच. सूनबाई वाद न घालता "अर्ज तेवढा मोठ्या सरांना दाखवा" म्हणाल्या. त्यात मापं तयार होती, त्यामुळे मोठ्या सरांना काही विचारावंच लागलं नाही. कपाटात तीसचा होता. बत्तीसचा त्याच आठवड्यात सातवीतल्या एका मुलाला गेला. किमतीतला फरक मोज्यांत वळता झाला. टेलर मास्तरांनी बाही दीड इंच आत घेतली, तीही कापड न कापता, म्हणजे पुढच्या वर्षी सोडता येईल.

शाळांच्या भांडारांना माझी एक सूचना आहे. जूनच्या त्या कागदावर ब्लेझरपुढची इयत्ता काढून टाका आणि तिथे दोन रकाने करा: छाती किती इंच, खांदा किती इंच. काउंटरला एक फीत बांधून ठेवा. पाचवीच्या एकाच वर्गात सव्वीस छातीचं पोरगं असतं आणि चौतीस छातीचंही असतं.