पीतज्वराचा दाखला

मुंबईहून केनियातील नैरोबी शहरी जाऊन परत येणाऱ्या प्रवाशाजवळ पारपत्राबरोबर एक पिवळी पुस्तिकाही असावी लागते. पीतज्वराची लस टोचून घेतल्याचा तो दाखला होय. नवल असे की, परतताना आपल्याच देशात तो मागितला जातो. पीतज्वर भारतात नाही. परंतु तो पसरविणारा एडिस डास मात्र आपल्या घराभोवती साठलेल्या पाण्यातच वाढतो. बाहेरून आलेल्या एखाद्या रोग्यास तो चावला, तर रोगास येथे वाट मिळेल.

लस टोचल्यावर शरीरात प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास काही दिवस लागतात. म्हणून दाखला 10 दिवसांनंतरच ग्राह्य ठरतो. समजा, कोणी 1 मे रोजी लस टोचून घेतली, 4 मे रोजी तो नैरोबीस गेला व 8 मे रोजी परतला. दाखला लागू होणार 11 मे रोजी! तोवर त्यास विमानतळावरून नेऊन वेगळे ठेवता येते. दाखलाच नसेल, तर हा काळ 6 दिवसांपर्यंत लांबतो.

म्हणून तिकीट काढतानाच पुस्तिका उघडून पाहावी. नाव व पारपत्राचा क्रमांक जुळतो का, लशीची तारीख व डॉक्टरांची सही आहे का, सरकारमान्य केंद्राचा शिक्का उमटला आहे का, हे ताडून घ्यावे. घराजवळच्या दवाखान्यातील साधी चिठ्ठी चालत नाही. जुन्या पुस्तिकेवरील मुदत संपलेली दिसली, तरी घाबरू नये. पूर्वी ती 10 वर्षे असे, 11 जुलै 2016 पासून असा दाखला आयुष्यभर ग्राह्य धरला जातो.