४९ टक्के आणि ७२ टक्के

ठिबकची नळी वेटोळे करून उचलता येते, पण विहिरीकडून येणारा एचडीपीई पाइप सहज वाकत नाही. प्लॅस्टिक दोन्हींचे पॉलिथिनच. फरक साखळ्यांच्या मांडणीत आहे. पाइपातल्या साखळ्या जवळजवळ सरळ असतात, त्यामुळे त्या घड्या घालून पातळ स्फटिक पापुद्र्यांत नीट रचल्या जातात. नळीच्या साखळ्यांना आखूड फांद्या असतात, त्या रचनेत अडसर आणतात.

ही स्फटिकता घनतेवरून मोजता येते. पूर्ण स्फटिक पॉलिथिनची घनता १.०००, अजिबात स्फटिक नसलेल्याची ०.८५५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. नळीच्या दाण्यांची साधारण ०.९२०. म्हणजे ०.१४५च्या एकूण अंतरातले ०.०६५ कापले, आकारमानाने ४५ टक्के, वजनाने ४९. पाइपाच्या ०.९५५ घनतेला वजनाने ७२ टक्के येतात. मात्र मोजणी काजळी न घातलेल्या दाण्यांवर हवी. अडीच टक्के काजळीने घनता ०.९३च्या आसपास जाते आणि ४९चे ५६ होतात.

स्फटिकता दीडपटच झाली, तरी कडकपणा चौपट होतो: अंदाजे २५० मेगापास्कलवरून १०००वर. सामान्य तापमानाला अस्फटिक भाग रबरासारखा मऊ असतो. तो पातळ होत गेला की कडक पापुद्रेच ताण पेलू लागतात.

वितळण्याचे गणित मात्र या टक्क्यांनी सुटत नाही. दुधाच्या पिशवीत वापरतात ते एलडीपीई आणि नळीचे एलएलडीपीई यांची घनता सारखी, स्फटिकताही सारखी. तरी पहिले ११० अंशांच्या आसपास वितळते, दुसरे १२३च्या. ठरवते ती पापुद्र्याची जाडी. एलएलडीपीईत फांद्या विषम विखुरलेल्या असतात; काही साखळ्यांचे लांब तुकडे बिनफांदीचे राहतात आणि जाड पापुद्रे घडवतात. पाइपाचे त्याहून जाड, म्हणून १३०च्या पुढे.

पारदर्शकतेचा हिशेब तिसराच. पापुद्रे केंद्रातून चहूबाजूंनी वाढून गोल होतात, ते स्फेरुलाइट. प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन, गोल त्याहून मोठे झाले की प्रकाश विखुरतो. तोच माल पातळ फिल्म करून झटपट थंड केला तर गोल लहान राहतात. जाड वडी हळू गार केली तर ती दुधाळ होते. बिनरंगी एचडीपीईचा तुकडा तापवा: वितळताच तो काचेसारखा होतो, गार होताना पुन्हा पांढुरका.

त्या गार होण्यातच पाइप जोडणाऱ्याची परीक्षा आहे. वितळलेल्या पॉलिथिनची घनता सुमारे ०.७६, गोठल्यावर ०.९५५. म्हणजे आकारमान पाचव्या हिश्श्याने घटते. तापत्या पाट्यावरून काढलेली टोके दाबून धरून हवेतच गार करायची ती यासाठी. घाईत पाणी ओतले तर बाहेरचा थर आधी गोठतो, आतला नंतर आक्रसतो आणि सांध्याच्या पोटात ताण किंवा पोकळी राहते. बाहेरची वळी तेव्हाही सुबकच दिसते, त्यामुळे नुसत्या नजरेने असा सांधा पास करू नये.