पाढा चुकला की घर चुकले?

गेल्या पावसाळ्यात आमच्या अभ्यासवर्गातील एक मुलगी गणिताचा तपासलेला कागद घेऊन माझ्याकडे आली. वडील चाकणला कारखान्यात पाळीने कामाला. नऊ उदाहरणांपैकी सातांवर लाल फुली होती आणि खाली शेरा होता, 'पाढे कच्चे'. पोरीला गणित झेपत नाही, असे वडिलांनी ठरवूनच टाकले होते. मी तिला सहाचा आणि सोळाचा पाढा विचारला. तिने न अडखळता म्हणून दाखवला. मग या फुल्या कशाच्या? बँकेत वीस वर्षे रकान्यांत आकडे भरणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनाला कागद नीट पाहताच उलगडा झाला. आकडे बरोबर होते, त्यांची घरे चुकली होती.

एक उदाहरण घेऊ. ३४७ गुणिले २६. सहाने गुणून तिने पहिली ओळ २०८२ लिहिली, ती बरोबर. दोनाने गुणून ६९४ आले, तेही बरोबर. पण हा दोन म्हणजे वीस. म्हणून ६९४ मधला चार दशकाच्या घरात यायला हवा, म्हणजे ती ओळ ६९४० होते. कागद बिनरेघी झेरॉक्सचा, जागा अपुरी. ओळ तिरकी गेली आणि चार एककाखाली येऊन बसला. बेरीज झाली २७७६. खरे उत्तर ९०२२. गुणाकारही बरोबर, बेरीजही बरोबर, उत्तर मात्र चूक.

असा कागद तपासताना आधी उत्तर हाताने झाकावे आणि प्रत्येक ओळ स्वतंत्र वाचावी. मग खऱ्या उत्तरातून मुलाचे उत्तर वजा करावे. येथे फरक ६२४६ येतो. त्याला नऊने भागले की येतात ६९४, म्हणजे नेमकी सरकलेली ओळ! कारण सोपे आहे. जी संख्या दहापट धरायची ती एकपटच धरली, म्हणजे नऊपट कमी पडली. हाताने खतावणी लिहिण्याच्या काळात बँकेत मेळ बसला नाही की फरकाला नऊने भागून पाहत. भाग गेला तर एखादी रक्कम एक घर सरकली आहे किंवा दोन आकडे उलटसुलट झाले आहेत, असा संशय घेत. मात्र हा संशयच, पुरावा नव्हे. नऊ साते त्रेसष्टऐवजी चोपन्न लिहिले तरी फरक नऊच येतो. उलट फरकाला नऊने भाग गेला नाही, तर नुसते घर सरकणे हे कारण असू शकत नाही.

याच कारणाने जुना नवाचा ताळा येथे फसवतो. ३४७ च्या अंकांची बेरीज १४, म्हणजे ५. २६ ची ८. पाच आठे चाळीस, म्हणजे ४. ९०२२ चा ताळा ४ येतो आणि २७७६ चाही ४ च! त्यापेक्षा अंदाज बरा. तीनशे गुणिले वीस म्हणजेच सहा हजार होतात. मग २७७६ कसे येईल?

भागाकारात घर चुकते ते बहुधा शून्यापाशी. ४८३२ भागिले १६. अठ्ठेचाळीसला तीनचा भाग गेला. मग तीन खाली घेतला. तीनात सोळा जात नाहीत, म्हणून भागाकारात शून्य लिहायला हवे. तिने ते न लिहिता पुढचा दोन खाली घेतला, बत्तीसला दोनचा भाग लावला आणि उत्तर लिहिले ३२. खरे उत्तर ३०२. येथे अंक मोजावेत. पहिल्या भागाला एक अंक आणि नंतर खाली घेतलेल्या प्रत्येक अंकाला एक, म्हणजे उत्तर तीन अंकी हवे. भागाकार बाजूला न लिहिता भाज्याच्या डोक्यावर, अंकावर अंक असा लिहिला तर मोकळे राहिलेले घर लगेच दिसते.

आता महत्त्वाचा प्रश्न. हात घसरला की समज कच्ची? हे ओळखायला तेच उदाहरण चौकटीच्या वहीत, एका चौकटीत एकच अंक, असे पुन्हा करून घ्यावे. आकड्यांना घर आखून देण्याची युक्ती जुनीच आहे. गणेश दैवज्ञ यांनी १५४५ साली 'लीलावती'वर टीका लिहिली. तिच्यातही चौकटी आखून, तिरक्या रेघांनी गुणाकार करण्याची रीत आहे. चौकटीत उत्तर बरोबर आले तर दोष कागदाचा आणि हाताचा. तेथेही चुकले तर विचारावे, "बाळ, सव्वीसमधला हा दोन म्हणजे किती?" मूल "दोन" म्हणाले तर स्थानिक किंमतच शिकवायला हवी. पाढे घोकून उपयोग नाही.

त्या मुलीने सातही उदाहरणे चौकटीत केली. पाच बरोबर आली. दोन भागाकारांत शून्य पुन्हा राहिले. तेवढेच तिला शिकवायचे होते. कागदावर मी लिहिले, 'पाढे पक्के. ओळ सरकते. भागाकारातील शून्य शिकवणे.' आणि तो कागद तिच्या वडिलांना दाखवायला सांगितला.