बार्ज सात सेंटीमीटर वर येते तेव्हा

खाणी चालू असल्या की पणजीला मांडवीच्या काठावर बसून बार्जी पाहणं हा फुकटचा विरंगुळा असतो. वरच्या अंगाला उसगाव, आमोणा अशा ठिकाणच्या जेटींवर लोहखनिज भरून त्या मुरगावच्या दिशेने निघतात. भरलेली बार्ज इतकी बुडालेली असते की लांबून तांबड्या मातीचे ढिगारेच पाण्यावरून सरकताहेत असं वाटतं. परतताना तीच बार्ज रिकामी, म्हणून घरासारखी उंच दिसते. भरली की बुडते, रिकामी झाली की वर येते, हे लहान मूलही सांगेल. पण भरलेली बार्ज उसगावहून समुद्राकडे जाता जाता, कणभरही माल न उतरवता, थोडी वर येते. हे डोळ्यांना जाणवत नाही. मोजायला गेलं की मात्र लख्ख दिसतं, आणि मालाचा हिशेब ठेवणाऱ्याने ते ध्यानात घेतलं नाही तर कागदावर चारपाच टिपर भरतील एवढं खनिज हवेतून तयार होतं.

एक हिशेब करून पाहू. सोयीसाठी बार्ज सरळ पेटीच्या आकाराची धरू, 60 मीटर लांब आणि 12 मीटर रुंद. खऱ्या बार्जीचा नाळेकडचा भाग निमुळता असतो, पण मधलं अंग बरंचसं पेटीसारखंच असतं, त्यामुळे फार चूक होणार नाही. माल भरल्यावर ती नदीच्या गोड्या पाण्यात बरोबर 3 मीटर बुडाली. तळापासून पाण्याच्या रेषेपर्यंतच्या या उंचीला ड्राफ्ट म्हणतात. तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते, हे आपण शाळेत आर्किमिडीजच्या धड्यात शिकलेलो असतो. 60 गुणिले 12 गुणिले 3, म्हणजे 2160 घनमीटर पाणी बाजूला सरलं. गोड्या पाण्याचा एक घनमीटर साधारण एक टन भरतो. म्हणजे बार्ज आणि माल मिळून 2160 टन झाले. त्यातली रिकामी बार्ज 500 टन धरली तर खनिज 1660 टन.

आता ती खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात आली. वजन तेच, 2160 टन. पण समुद्राच्या पाण्यात मीठ विरघळलेलं असल्यामुळे त्याचा एक घनमीटर 1 टन आणि वर 25 किलो भरतो. तेवढंच वजन तोलायला आता कमी पाणी सारावं लागतं, 2107 घनमीटर पुरतं. ते लांबी-रुंदीने भागलं की ड्राफ्ट येतो 2.927 मीटर. बार्ज सात सेंटीमीटरांहून किंचित जास्त वर आली.

ही सात सेंटीमीटरं बार्जीच्या अंगावर वाचताही येतात. नाळेवर, मध्यावर आणि मागे, दोन्ही बाजूंना पांढऱ्या रंगात ड्राफ्टचे आकडे रंगवलेले असतात. मेट्रिक पद्धतीत प्रत्येक आकडा 10 सेंटीमीटर उंच असतो आणि दोन आकड्यांमध्ये 10 सेंटीमीटर कोरी जागा सोडतात. वाचायचं ते आकड्याच्या तळापासून. पाणी 3 च्या तळाला टेकलं असेल तर ड्राफ्ट बरोबर 3 मीटर. त्याच्या खालचा आकडा 8, म्हणजे 2.8 चा. त्याच्या माथ्याला पाणी टेकलं तर 2.9. उसगावला पाण्याची रेघ 3 च्या पायाशी होती. समुद्राजवळ ती घसरून 8 आणि 3 च्या मधल्या कोऱ्या पट्टीत येते, 8 च्या डोक्यापासून जेमतेम दीड बोटावर. लाटांमुळे रेघ वरखाली होत राहते, म्हणून वाचणारा काही वेळ टक लावून बघतो आणि सर्वांत वरच्या नि खालच्या जागांचा मध्य धरतो. अशी सहा ठिकाणची सहा वाचनं घेऊन सरासरी काढतात, कारण बार्ज क्वचितच दोन्ही अंगांना सारखी बसलेली असते. अर्थात हे सगळं उभ्या बार्जीवरच. चालती बार्ज उथळ पाण्यात तळाकडे ओढली जाते, तेव्हाचं वाचन काही कामाचं नाही.

मालाचं वजन असं ड्राफ्टवरून काढायच्या पद्धतीला ड्राफ्ट सर्व्हे म्हणतात. दीड हजार टन खनिज काट्यावर घालणं परवडत नाही, तेव्हा नदीच काटा होते. पण या काट्याला एक खोड आहे. त्यातलं पाणी बदललं की वजन बदलल्यासारखं दिसतं. म्हणून सर्व्हेअरच्या पिशवीत आकडे वाचायच्या वहीइतकाच महत्त्वाचा असतो हायड्रोमीटर. डेअरीवर दूध घालणाऱ्यांना तो ओळखीचा वाटेल, कारण दुधात पाणी घातलंय का हे दाखवणारा लॅक्टोमीटर त्याचाच भाऊ. काचेची नळी, खाली वजनाचा गोळा, वर बारीक दांडीवर खुणा. बादली आधी त्याच पाण्याने विसळायची, मग नमुना काढायचा, भांड्यात ओतायचा आणि नळी अलगद सोडायची. काचेला चिकटून पाणी दांडीवर जरा वर चढलेलं दिसतं. ती कड वाचायची नाही, सपाट पृष्ठभाग दांडीला जिथे छेदतो तो आकडा वाचायचा.

ही बादली सोडायचा कंटाळा केला तर काय होतं? समजा सर्व्हेअरने उसगावलाच सवयीने समुद्राचा आकडा, 1.025, धरला. मग 3 मीटर ड्राफ्टवरून त्याला 2214 टन मिळतील, म्हणजे खऱ्याहून 54 टन जास्त. तो म्हणेल, रिकाम्या बार्जीचं वाचनही मी याच पाण्यात, याच आकड्याने घेतलं होतं, तेव्हा चुका एकमेकींना खाऊन टाकतील. त्या खातात, पण पुरतं पोट भरत नाही. रिकाम्या बार्जीच्या 500 टनांत चूक होते साडेबारा टनांची, भरलेल्या बार्जीत 54 टनांची. वजाबाकी करून उरतात एक्केचाळीस टन, दहा टनी चार टिपर भरून उरेल इतका माल जो कधी भरलाच नव्हता. आणि रिकामं वाचन समुद्राकडे, खरा आकडा वापरून घेतलं असेल, तर पूर्ण 54 टनांचा घोळ. चूक शंभरात अडीचची, म्हणजे दिसायला किरकोळ. पण ती दर खेपेला एकाच बाजूला पडते, त्यामुळे खेपांमागून खेपा झाल्या तरी सरासरीत पुसली जात नाही.

आता खरी गोम. वर मी एकीकडे गोडं पाणी आणि दुसरीकडे समुद्र असं सांगितलं, जणू मध्ये कुंपण आहे. मांडवी आणि जुवारी या भरतीच्या नद्या. उन्हाळ्यात वरून येणारं पाणी आटतं, मग समुद्राचा खारटपणा नदीत खूप आतवर शिरतो. मे महिन्यात जेटीवरचं पाणीच खारवलेलं असेल तर बार्ज खाली आल्यावर सात नव्हे, तीनचार सेंटीमीटरच वर येईल. पावसात उलट. जुलैत पुराचं पाणी समुद्राला मागे लोटतं आणि तोंडाजवळही पाणी बरंचसं गोडं असतं. (त्या दिवसांत आग्वादच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावर समुद्र खवळतो आणि तो मार्ग बंद होतो, म्हणून बार्जी कुंभारजुवेच्या कालव्यातून जुवारीत उतरून मुरगाव गाठतात.) शिवाय गोडं पाणी हलकं असल्यामुळे पावसाळ्यात ते वरच्या थरात वाहतं आणि खारं पाणी खालून पाचरीसारखं घुसतं. अशा वेळी वरवर बादली बुडवून काढलेला नमुना फसवा. तीन मीटर बुडालेली बार्ज तिन्ही मीटरांतल्या पाण्यावर टेकलेली असते. म्हणून दोरीला बांधलेलं, हव्या त्या खोलीवर उघडणारं भांडं सोडून वेगवेगळ्या थरांतलं पाणी काढावं लागतं, निदान निम्म्या ड्राफ्टच्या खोलीवरचं तरी.

मोठ्या जहाजांच्या बाबतीत हीच गोष्ट नियमांतही आली आहे. जहाजाच्या कुशीवर वर्तुळ आणि त्याच्या शेजारी आडव्या रेघांची शिडी रंगवलेली असते. सॅम्युएल प्लिमसॉल या ब्रिटिश खासदाराने ओव्हरलोड जहाजांविरुद्ध झगडा केला, त्यातून 1876 च्या कायद्याने ब्रिटनमध्ये अशी खूण सक्तीची झाली. त्या शिडीत गोड्या पाण्याची, F अक्षराची रेघ समुद्राच्या उन्हाळी रेघेपेक्षा वर असते. म्हणजे नदीकाठच्या बंदरात जहाज जरा जास्त बुडवायला परवानगी आहे, कारण समुद्रात गेलं की ते आपोआप आपल्या रेघेवर येणार. आपल्या बार्जीला हे जितकं सोयीचं, तितकंच उलट दिशेचं अवघड. समुद्रावर 3 मीटरवर भरलेली बार्ज गोड्या नदीत शिरली की ड्राफ्ट 3.075 मीटर होतो, आणि तेही नेमकं जिथे पाणी उथळ होत जातं तिथे. ओहोटीच्या वेळी तळाखाली हातभर पाणी उरलेलं असताना त्या साडेसात सेंटीमीटरांची किंमत सारंगाला विचारा.

या फरकाचा आणखी एक उपयोग मला फार आवडतो. समजा पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात, आपली बार्ज खाली आली आणि नांगरावर उभी राहिली. सारंगाला ठाऊक आहे की आकडा 2.93 च्या आसपास हवा. पण सहा वाचनांची सरासरी येते 2.96. तीन सेंटीमीटर जास्त. खाऱ्या पाण्यात या बार्जीचा एक सेंटीमीटर म्हणजे सव्वासात टनांहून थोडं जास्त. म्हणजे वीसबावीस टन कुठून तरी वाढले. वाटेत एखादी प्लेट फुटून तळाच्या टाकीत पाणी शिरलं असेल का? खलाशी टाक्यांच्या पायपांतून दांडी सोडून बघतो, दांडी कोरडी. मग कुणीतरी बादली सोडतो. हायड्रोमीटर 1.014 वर थांबतो. बाहेर जाणारी ओहोटी आहे, नदीचं गोडं पाणी तोंडापर्यंत पोचलंय आणि समुद्राशी अर्धवट मिसळलंय. 2160 ला 720 ने आणि 1.014 ने भागलं की उत्तर येतं 2.96. बार्ज कोरडी ठणठणीत आहे. चारेक तासांनी भरती जोर धरते, हायड्रोमीटर पंचविसाच्या खुणेकडे सरकतो, आणि पंप न लावता बार्ज 8 च्या डोक्यावरच्या त्या कोऱ्या पट्टीत, आपल्या जागी येऊन बसते.