क्यूआर तोच, भाव ताजा

क्यूआर कोडमध्ये मेनू नसतो, फक्त पानाचा पत्ता असतो. म्हणून पत्ता कायम ठेवा आणि मजकूर बदलत राहा. भाव बदलला की नवी पीडीएफ नव्या पत्त्यावर चढवली, तर टेबलांवरचे सगळे कोड पुन्हा छापावे लागतात.

मिसळीच्या छोट्या हॉटेलाला गुगल शीट पुरते. त्यात पदार्थ, भाव आणि ‘आहे/संपला’ असे तीन रकाने करा. शीट ‘फक्त पाहता येईल’ अशी शेअर करून त्या लिंकचा कोड छापा. दुपारी साबुदाणा वडा संपला, की गल्ल्यावरच्या माणसाने मोबाइलवरून ‘संपला’ लिहायचं. ओळ मात्र पुसू नये, उद्या तीच लागते. आधीच उघडलेल्या पानावर जुनी माहिती राहू शकते, म्हणून ऑर्डर घेताना वेटरने खात्री करावीच.