पगारपत्रकातील ग्रॅच्युइटी आणि दुकानाच्या वहीतील देणे

घुग्घुसच्या बाजारपेठेला पगाराचे गणित नवे नाही. तिच्या एका अंगाला वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी, तर दुसऱ्या अंगाला सिमेंट आणि लोखंडाचे कारखाने आहेत. महिन्याच्या आरंभी उधारीची वही याच पगारांवर हलकी होते. तरीही पगारपत्रकातील ‘पी.एफ.’ आणि ‘ग्रॅच्युइटी’ या दोन शब्दांचा अनेक व्यापारी कुटुंबांत एकच अर्थ धरला जातो.

पुण्याच्या एखाद्या कंपनीत नोकरीस लागलेल्या मुलाचे उदाहरण घेऊ. त्याचा मूळ पगार 20,800 रुपये आहे. भविष्य निर्वाह निधीसाठी त्यातून 12 टक्के, म्हणजे 2,496 रुपये कापले जातात. कंपनीही आपल्याकडून तेवढीच रक्कम भरते. तिचा काही भाग निवृत्तिवेतन योजनेत जातो आणि उरलेला मुलाच्या खात्यावर जमा होतो. हा निधी दरमहा साठतो, त्यावर व्याज चढते आणि नोकरी सोडली तरी तो मुलाचाच राहतो. खाणकामगारांसाठी हा निधी कोळसा खाण भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे असतो. तत्त्व मात्र तेच.

नेमणूकपत्रातील वार्षिक खर्चाच्या तक्त्यात ‘ग्रॅच्युइटी’ म्हणून दरमहा 1,000 रुपये दाखवलेले असतात. ही रक्कम मुलाच्या कोणत्याही खात्यावर जमा होत नाही. मालकाने पुढे देण्याच्या रकमेचा तो केवळ अंदाज होय. ग्रॅच्युइटीसाठी कामगाराच्या पगारातून एक पैसाही कापता येत नाही. पत्रकातील ‘कपात’ या रकान्यात ती दिसली, तर हिशेब विभागाकडे खुलासा मागितलाच पाहिजे. कायम नोकरीतील मुलगा तीन वर्षांत राजीनामा देऊन निघाला, तर निधी त्याला मिळतो. ग्रॅच्युइटी सर्वसाधारणपणे मिळत नाही, कारण तिला सलग पाच वर्षांची सेवा लागते. मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास मात्र ही अट राहत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरील कामगाराला एका वर्षानंतरही हा हक्क दिला आहे.

हाच प्रश्न मुलाकडून वडिलांच्या दुकानाकडे वळला की गफलत होते. भविष्य निर्वाह निधी साधारणतः वीस माणसांच्या आस्थापनेस लागू होतो, तर ग्रॅच्युइटी दहा माणसांच्या. बारा माणसे असलेल्या दुकानाला त्यामुळे पी.एफ. नसेल, पण ग्रॅच्युइटीचे देणे असेल. ‘आपल्याकडे पी.एफ. नाही, तेव्हा दुसरेही काही नाही’ ही पेढीवरची समजूत येथेच खोटी ठरते. मागील बारा महिन्यांत एखाद्या दिवशीही माणसे दहा झाली असतील, तरी कायदा लागू होतो. आणि एकदा लागू झाला की पुढे माणसे सात उरली तरी सुटत नाही.

समजा, अशा दुकानातील मुनीमजी 22 वर्षे 7 महिने काम करून निघाले. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून अखेरचा पगार 18,200 रुपये. महिन्याचे कामाचे दिवस 26 धरायचे, म्हणून एका दिवसाचे 700 रुपये. दर वर्षासाठी 15 दिवसांचा पगार, म्हणजे 10,500 रुपये. सहा महिन्यांवरील काळ पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणून वर्षे 23. देणे झाले 2,41,500 रुपये. येथे 26 ऐवजी 30 ने भागण्याची चूक वारंवार होते. त्यात मुनीमजींचे 32,200 रुपये बुडतात.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, अखेरचा पगार मागच्या सर्व वर्षांना लागू होतो. निवृत्तीच्या आदल्या वर्षी आपुलकीने दिलेली वाढ 23 वर्षांचे देणे वाढवते. पगार तुकड्या-तुकड्यांचे भत्ते करून लहान दाखवण्याची युक्तीही आता फारशी चालणार नाही. संहितेनुसार वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, की वरचा भाग पगारातच धरला जातो.

मुनीमजी राजीनामा देऊन समोरच्याच दुकानात गेले, तरी रक्कम द्यावी लागते. राग हे ती अडवण्याचे कारण नव्हे. देण्याची मुदत 30 दिवसांची. त्यानंतर व्याज लागते. दिवाळीची बक्षिसी किंवा निरोपाच्या वेळी दिलेले चांदीचे ताट हिशेबात वजा होत नाही.

ही रक्कम गल्ल्यातून एकदम काढणे जड जाते, म्हणून काही पेढ्या आयुर्विमा महामंडळाच्या समूह ग्रॅच्युइटी योजनेत दरवर्षी थोडी रक्कम भरतात. वहीत नुसती तरतूद मांडली तर प्राप्तिकरात ती खर्च म्हणून धरली जात नाही. मान्यताप्राप्त ग्रॅच्युइटी निधीत भरलेली रक्कम मात्र धरली जाते. दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी प्रत्येक नोकराची रुजू झाल्याची तारीख, त्याचा मूळ पगार आणि वारस म्हणून त्याने दिलेले नाव एका पानावर लिहिले, तर या देण्याचा आकडा अर्ध्या तासात डोळ्यांसमोर येतो.