नावांचा कागद

गयेला जाताना सामानाची चिंता करू नये. जवाचं पीठ, काळे तीळ, तांदूळ, मध, तूप, दर्भ, पांढरी फुलं, पत्रावळी आणि मातीची भांडी हे सगळं आचार्य मांडून ठेवतात. आपण न्यायचं ते स्वच्छ धूतवस्त्र किंवा साडी, पंचा आणि नावांचा कागद. हा कागद मात्र दुसरं कोणी करून देत नाही, आणि बहुतेक माणसं अडतात ती इथेच.

माझी मामेबहीण मामांचं पिंडदान करायला निघाली तेव्हा मी सोबत गेलो. ती एकुलती एक. भाचा म्हणून मी बसलो असतो तरी चाललं असतं. पत्नी, दौहित्र, भाऊ, पुतण्या यांनाही मुलगा नसल्यास अधिकार सांगितला जातो. पण तिला स्वतःच्या हातानं करायचं होतं. मुलीला बसवायला काही पुरोहित अजूनही तयार नसतात, म्हणून हे तिनं निघण्याआधीच फोनवर विचारून घेतलं. आचार्य म्हणाले, ‘‘ताई, ज्या फल्गूकाठी सीतामाईनं दशरथाला वाळूचा पिंड दिला, तिथं मुलीला नाही कसं म्हणू?’’ वर्षश्राद्ध झालंय ना, हे मात्र त्यांनी आवर्जून विचारलं.

गयेत पंडा आणि आचार्य ही दोन वेगळी माणसं असतात. गयावाल पंड्याकडे ठरावीक प्रदेशाचे यजमान वंशपरंपरेनं असतात आणि त्यांच्या वह्या तो सांभाळतो. प्रत्यक्ष विधी आचार्य सांगतात. स्टेशनबाहेर माणसं गाठतात तेव्हा मूळ गाव आणि जिल्हा सांगून आपला पंडा कोण, एवढंच विचारावं. दक्षिणा आधी बोलून घ्यावी आणि तिच्यात सामग्री, आचार्य, ब्राह्मणभोजन आणि शेवटचं सुफळ यांतलं काय धरलंय ते नेमकं विचारावं. नाहीतर प्रत्येक वेदीवर नवी मागणी होते आणि विधी अर्ध्यावर असताना कोणाला नाही म्हणवत नाही.

आम्ही तीन ठिकाणचं श्राद्ध केलं: फल्गू, विष्णुपद आणि अक्षयवट. फल्गूचं पाणी एरवी वाळूखाली असायचं. 2022मध्ये बंधारा झाल्यापासून विष्णुपदाच्या घाटापाशी ते वर दिसतं. तिथं तर्पण झाल्यावर आचार्यांनी पीठ मळायला सांगितलं. पीठ सैल झालं की पिंड पसरतात, म्हणून पाणी थोडं थोडं घालत होतो. पिंड मोठे लागत नाहीत. गयेत शमीच्या पानाएवढाही पुरतो, असं मानतात.

मग कागद काढला. वडील, आजोबा, पणजोबा; आजोबा-पणजोबांच्या बायका; मग आईकडचे आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. प्रत्येकाला नाव आणि गोत्र. मामी हयात असल्यामुळे आईच्या नावे द्यायचे सोळा पिंड वगळले. पुरुषांची नावं भराभर निघाली, पण पणजीचं नाव दोघांनाही येईना. घरात सगळे तिला ‘जिजी’ म्हणत, तेवढंच. आचार्यांनी ‘यथानाम’ म्हणवून पिंड ठेवायला लावला. शास्त्रात ही सोय आहे, तरी मला ते लागलं. आयुष्यभर जिनं या घराचं केलं तिचं नाव आपण कुणाला विचारूनही ठेवलं नाही. जाण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वयस्क बाईकडे एक दुपार बसावं, असं मी आता प्रत्येकाला सांगतो.

पुढे काका, आत्या, भाऊ, सासू-सासरे, गुरू, मित्र. ‘आत्या’ म्हणताच माझ्या आईचं नाव आलं. बहिणीनं माहेरचं गोत्र सांगितलं तेव्हा आचार्यांनी थांबवलं. लग्न झालेल्या बाईचं गोत्र सासरचं, म्हणून ते आमचं सांगायचं. मी पुढं वाकून सांगितलं. शेवटी ज्यांचं करणारं कोणी उरलं नाही त्यांच्यासाठी एक पिंड वेगळा ठेवला जातो.

अहिल्याबाईंनी 1787मध्ये बांधलेल्या विष्णुपद मंदिरात मधल्या चांदीच्या अष्टकोनात पदचिन्ह आहे. तिथं पिंड वाहिले. गर्दीत रेंगाळता येत नाही. अक्षयवटाखाली पंड्यानं सुफळ दिलं आणि तिला एक आवडतं फळ सोडायला सांगितलं. ती सीताफळ म्हणाली. आपल्याला पुढे सांभाळता येईल तेच सोडावं. घाईत तोंडाला येईल ते बोलू नये.

पंड्याच्या वहीत नवी नोंद करताना तिनं गाव, गोत्र, वडिलांचं आणि स्वतःचं नाव घातलं आणि मामीचंही लिहायला लावलं. निघताना तिनं विचारलं, आता दरवर्षीचं श्राद्ध करायचं की नाही? गयेनंतर ते सुटतं असं पुष्कळांना वाटतं. आचार्य म्हणाले, तिथीचं श्राद्ध चालूच ठेवायचं.